आठवड्यातून एकदा चालणारा थ्रीडी प्रिंटर : पट्ट्याचा ताण, रॉडचे वंगण आणि दहा मिनिटांची निगा

आपल्या व्यवसायातील अनेकांकडे आता एखादा छोटा थ्रीडी प्रिंटर आला आहे. अस्थिरोग विभागात काम करताना मी तो मुख्यतः एकाच कामासाठी वापरतो. सी. टी. स्कॅनवरून रुग्णाच्या हाडाची प्रतिकृती करावयाची, तुटलेल्या बाजूऐवजी निरोगी बाजूची आरशातील प्रतिमा छापून घ्यावयाची आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्या प्रतिकृतीवर धातूची पट्टी हव्या त्या वळणावर वाकवून ठेवावयाची. ॲसिटॅब्युलमच्या अस्थिभंगात असे केले की शस्त्रक्रियागृहातील वेळ वाचतो. असे रुग्ण रोज येत नाहीत. त्यामुळे यंत्र आठवड्यातून एखादा दिवस चालते आणि उरलेले सहा दिवस कोपऱ्यात उभे राहते.

नेमका हाच वापर यंत्राला अडचणीचा ठरतो. रोज चालणाऱ्या यंत्रातील बिघाड दुसऱ्या दिवशी लक्षात येतो आणि त्याची हालचाल सतत होत असल्याने वंगणही पसरलेले राहते. आठवड्याने चालणाऱ्या यंत्रात झीज कमी होते, परंतु गंज, साचलेली धूळ आणि पट्ट्याचा हळूहळू उतरणारा ताण या तिन्ही गोष्टी कोणाच्या नजरेस न येता वाढत राहतात. आमच्या गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत जे पाणी असते, ते पाहता गंजाचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. वर्षाकाठी असे यंत्र फार तर चारशे तास चालते. म्हणून त्याची निगा तासांवर न ठेवता दिनदर्शिकेवर ठेवावी लागते.

प्रस्तुत लेखात मी माझ्याकडे असलेल्या प्रकारच्या यंत्राविषयीच लिहीत आहे. त्यात नॉझल डावी-उजवीकडे, म्हणजे एक्स अक्षावर सरकते. ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट मागे-पुढे, म्हणजे वाय अक्षावर सरकतो. दोन्ही हालचाली दातेरी रबरी पट्ट्याने होतात, आणि सरकणारे भाग गुळगुळीत पोलादी रॉडवर बॉल बेअरिंगच्या आधाराने चालतात. उंची, म्हणजे झेड अक्ष, आट्यांच्या उभ्या लीड स्क्रूवर चालते.

मोटर आज्ञा पाळते, नॉझल पाळतेच असे नाही

या यंत्राची एक मर्यादा प्रथम समजून घ्यावी. नॉझल प्रत्यक्षात कोठे पोहोचली हे पाहणारा कोणताही संवेदक त्यात नसतो. संगणक मोटरला इतकी पावले फिरण्यास सांगतो, मोटर तितकी फिरते, आणि नॉझल तेथे पोहोचली असे यंत्र गृहीत धरते. शरीराच्या भाषेत सांगावयाचे तर आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचते, स्नायू आकुंचनही पावतो; परंतु कंडरा सैल असेल तर बोट पूर्ण वाकत नाही, आणि आपल्याकडील स्थितिसंवेदनेसारखी कोणतीही व्यवस्था यंत्राला ही चूक कळवीत नाही.

माझ्या यंत्रातील पट्ट्याच्या दोन दातांमधील अंतर 2 मिलिमीटर आहे आणि मोटरवरील पुलीला 20 दात आहेत. म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात पट्टा 40 मिलिमीटर सरकतो. मोटरच्या एका फेऱ्याची 200 पावले आणि प्रत्येक पावलाचे 16 सूक्ष्म भाग धरले, तर एका सूक्ष्म पावलाला नॉझल 0.0125 मिलिमीटर सरकावयास हवी. पट्टा सैल असल्यामुळे दिशा बदलताना 0.3 मिलिमीटर हालचाल वाया गेली, तर मोटरची 24 सूक्ष्म पावले नुसती पट्टा ताणण्यात खर्ची पडली असा त्याचा अर्थ होतो. मोटर कितीही अचूक असली तरी तिची अचूकता पट्ट्याच्या पलीकडे पोहोचत नाही.

ही वाया जाणारी हालचाल दोन गोष्टींवर अवलंबून असते : पट्टा किती सैल आहे, आणि सरकणारा भाग किती जड सरकतो. बेअरिंग कोरडे पडले की गाडा ओढण्यास अधिक जोर लागतो, आणि तेवढाच पट्टा अधिक ताणला जातो. म्हणून पट्ट्याचा ताण आणि रॉडचे वंगण या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो. येथूनच निगेचा पहिला नियम निघतो : आधी स्वच्छता, मग वंगण आणि शेवटी पट्टा. हा क्रम उलटा केला तर कोरड्या बेअरिंगचा दोष अधिक ताणलेल्या पट्ट्याआड लपतो, आणि पुढे पट्टा, मोटर व बेअरिंग तिन्ही झिजतात.

लक्षणांवरून निदान

सैल पट्ट्याची खूण ओळखण्यासाठी एक वर्तुळाकार चकती छापावी. नॉझल वर्तुळाच्या अगदी डाव्या व अगदी उजव्या टोकाला पोहोचते तेव्हा एक्स अक्षाची दिशा उलटते. त्या क्षणी पट्टा सैल असेल तर एक्स अक्ष किंचित काळ थांबून राहतो आणि वाय अक्ष मात्र चालू राहतो. परिणामी वर्तुळाच्या डाव्या-उजव्या बाजूस लहानसा सपाट भाग दिसतो. सपाट भाग पुढे-मागे दिसला तर दोष वाय अक्षाचा समजावा.

मापानेही निदान करता येते, आणि मला ती रीत अधिक खात्रीची वाटते. प्रत्येक अक्षावर 20 मिलिमीटर आणि 100 मिलिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या छापाव्यात आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजाव्यात. सैल पट्ट्यामुळे येणारी तूट दोन्ही लांबींना जवळजवळ सारखीच असते, कारण दिशा बदलताना एकदाच ठरावीक हालचाल वाया जाते. याउलट प्लास्टिक थंड होताना आकसल्यामुळे येणारी तूट लांबीच्या प्रमाणात असते. 100 मिलिमीटरला ती 20 मिलिमीटरच्या पाचपट दिसते. भोकांनीही हा फरक कळतो. प्लास्टिक जास्त बाहेर पडत असेल तर वस्तूचे बाहेरील माप वाढते आणि भोक लहान होते. पट्टा सैल असेल तर बाहेरील माप आणि भोक दोन्ही त्या एका दिशेने कमी भरतात.

परंतु पट्ट्याला दोष देण्यापूर्वी मोटरच्या दांड्यावरील पुली पाहावी. ती बारीक ग्रब स्क्रूने आवळलेली असते, आणि त्यांपैकी एक स्क्रू दांड्याच्या चपट्या बाजूवर बसलेला असावा लागतो. हा स्क्रू सैल झाला तरी लक्षणे हुबेहूब सैल पट्ट्याचीच दिसतात. पुली आणि दांडा या दोन्हींवरून जाणारी एक रेघ मार्करने ओढून ठेवावी. काही छपाईनंतर रेघ तुटलेली दिसली तर पुली घसरत आहे, आणि अशा वेळी पट्टा कितीही ताणला तरी उपयोग नाही.

ताण मोजावा कसा

बोटाने दाबून ताण पाहण्याची रीत सर्वत्र आहे, परंतु प्रत्येकाचे बोट वेगळे आणि स्मरणही वेगळे. त्यापेक्षा पट्टा तारेसारखा छेडून त्याचा आवाज मोजणे सोपे आहे. मोबाईलवर वाद्य जुळविण्यासाठी जी ट्यूनरची सोय असते ती यासाठी पुरते. मात्र तीत आकडा हर्ट्झमध्ये दिसला पाहिजे.

मोजताना कंप पावणाऱ्या भागाची लांबी दर वेळी तीच ठेवणे महत्त्वाचे आहे. मी एक्स अक्षाचा गाडा अशा ठिकाणी नेतो की गाड्यापासून टोकाच्या पुलीपर्यंत पट्ट्याची मोकळी लांबी 150 मिलिमीटर राहावी. त्यासाठी तेवढ्या लांबीचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून ठेवला आहे. मोबाईल पट्ट्याच्या अगदी जवळ धरून बोटाच्या नखाने पट्टा मध्यावर हलकेच छेडावा. तीन वेळा छेडून तिन्ही वेळा तोच आकडा आला तर तो ग्राह्य धरावा.

आकड्यावरून ताण काढण्याचे सूत्र तारेच्या कंपनाचेच आहे :

T = 4 m L² f²

येथे T म्हणजे न्यूटनमधील ताण, m म्हणजे एक मीटर पट्ट्याचे किलोग्रॅममधील वजन, L म्हणजे मीटरमधील मोकळी लांबी आणि f म्हणजे वारंवारता. माझ्याकडील काचतंतूंचा, 6 मिलिमीटर रुंदीचा पट्टा मीटरला 8 ग्रॅम भरला. 150 मिलिमीटर लांबीवर 110 हर्ट्झ आल्यास ताण सुमारे 8.7 न्यूटन होतो. म्हणजे पट्ट्याला एक किलोपेक्षा थोडे कमी वजन टांगल्याइतका. मी एक्स व वाय दोन्ही अक्ष 110 हर्ट्झच्या आसपास ठेवतो. हा आकडा तसा खालचाच आहे. आवाज तंबोऱ्याच्या खर्जाकडे झुकणारा, भरीव असा येतो.

या आकड्याला मर्यादा आहेत. पट्टा रुंद असेल किंवा त्यात पोलादी तारा असतील तर मीटरचे वजन बदलते आणि तोच आवाज वेगळा ताण दर्शवितो. यंत्राच्या निर्मात्याने स्वतःचा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. सूत्रात वारंवारतेचा वर्ग आहे हेही ध्यानात घ्यावे : आवाज 110 वरून 155 झाला तर ताण दुप्पट झालेला असतो. म्हणून ताण वाढविताना तणावाचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा, गाडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा सरकवावा आणि मगच पुन्हा मोजावे. गाडा सरकविल्याखेरीज पट्ट्याच्या वरच्या व खालच्या भागांतील ताण सारखा होत नाही आणि आकडा फसवा येतो.

अधिक ताणही दोषच आहे. पट्टा अति ताणला की मोटरच्या दांड्यावर आणि टोकाच्या पुलीतील बेअरिंगवर सतत आडवा भार पडतो. गाडा हाताने जड सरकतो, टोकाची पुली कुरकुरू लागते आणि छापलेल्या उभ्या भिंतीवर 2 मिलिमीटर अंतराने, म्हणजे पट्ट्याच्या दातांच्या अंतराने, बारीक लाटा दिसू लागतात. पुलीखाली काळी भुकटी साचलेली दिसली तर पट्टा पुलीच्या कडेला घासत आहे असे समजावे. तेथे ताण बदलून भागत नाही, पुली पट्ट्याच्या रेषेत आणावी लागते.

वंगण : कोठे, कोणते, किती

सर्वप्रथम आपले यंत्र कोणत्या आधारावर सरकते ते पाहावे, कारण उत्तर त्यावर ठरते. ॲल्युमिनियमच्या खाचेतून प्लास्टिकची चाके धावत असतील तर तेथे तेलाचा थेंबही लावू नये. ती चाके कोरडी चालावयाची असतात. तेलाने धूळ चिकटते आणि चाक घसरते. तेथे ओलसर फडक्याने खाच व चाके पुसून कोरडी करणे एवढीच निगा. पोलादी रॉड व बॉल बेअरिंग असतील तर मात्र वंगण आवश्यक आहे.

येथे वंगणाची कामे दोन आहेत : गोळ्या आणि रॉड यांच्यामध्ये पातळ थर राखणे आणि हवेतील दमट पाणी पोलादापर्यंत पोहोचू न देणे. पहिले काम बेअरिंगमधील ग्रीस करते, दुसरे रॉडवरील तेलाचा पुसट थर करतो.

नवीन बेअरिंगला जो तेलकटपणा असतो, तो पुष्कळदा साठवणीत गंज चढू नये एवढ्यापुरता असतो. ते वंगण नव्हे. बेअरिंग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावे, पूर्ण वाळवावे आणि लिथियमयुक्त साधे ग्रीस आत भरावे. हे काम आपल्या हाताशी असलेल्या साधनाने उत्तम होते : 2 मिलिलिटरची सिरिंज, सुई न लावता. ग्रीस गोळ्यांच्या ओळींत थोडे थोडे भरावे आणि बेअरिंग रॉडवर फिरवीत पुढे-मागे करावे. एका बेअरिंगला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी ग्रीस पुरते. जास्त भरले तर ते टोकातून बाहेर येऊन धूळ धरते. बेअरिंग रॉडवरून काढताना व चढविताना सरळ ठेवावे. तिरके झाले तर गोळ्या निखळून पडतात आणि ते बेअरिंग बाद होते.

रॉडसाठी शिलाई मशीनचे तेल पुरेसे आहे. तेल रॉडवर ओतू नये. फडक्यावर दोन थेंब घेऊन त्याने रॉड पुसावा. बोट फिरविल्यावर रॉड चमकदार वाटावा, ओला वाटू नये. यासाठी ड्रेसिंगचे गॉज वापरू नये. त्याचे धागे सुटून बेअरिंगमध्ये जातात. जुने, धुतलेले सुती धोतर किंवा चादर यांचा तुकडा उत्तम.

दोन पदार्थ टाळावेत. गंजलेले स्क्रू मोकळे करण्याचा फवारा बऱ्याच घरांत असतो. तो मुख्यतः द्रावक असल्याने बेअरिंगमधील ग्रीस धुऊन नेतो, आणि त्यामागे राहणारा थर फार टिकत नाही. दुसरे, आपल्याकडे हाताशी असणारे खोबरेल. वनस्पतिजन्य तेल हवेने हळूहळू चिकट होते, आणि खोबरेल तर थंडीत वा वातानुकूलित खोलीत थिजते. आठवडाभर उभ्या राहणाऱ्या यंत्रात ते डिंकासारखे वागते.

लीड स्क्रूच्या आट्यांत तेच लिथियम ग्रीस जुन्या दातब्रशने पुसट लावावे, आणि झेड अक्ष एकदा पूर्ण वर व खाली न्यावा, म्हणजे ग्रीस सारखे पसरते. माझ्या रचनेत उंचीने हलणारी नॉझलची पट्टीच असल्यामुळे मी तीच वर-खाली नेतो. ज्यांच्या यंत्रात पाट उंचीने हलतो त्यांनी पाट न्यावा. हे काम तीन-चार महिन्यांनी पुरते, कारण झेड अक्षाची हालचाल फार थोडी आणि हळू असते.

वातानुकूलित खोलीविषयी एक सूचना. दिवसभर यंत्र चालू असलेल्या खोलीत पोलाद थंड होते. संध्याकाळी यंत्रणा बंद करून खिडकी उघडली की बाहेरची दमट, उबदार हवा आत येते आणि थंड रॉडवर तिचे दव जमते. पावसाळ्यातील गंजाचे हे एक नेहमीचे कारण आहे. खिडकी लगेच उघडू नये, आणि प्रिंटरवर घट्ट प्लास्टिकऐवजी सुती कापड घालावे; प्लास्टिकखाली दमटपणा अडकतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण

जुलै महिन्यातील नेहमीच्या तपासणीत एक्स अक्षावरील चकतीच्या डाव्या-उजव्या बाजूस सपाट भाग दिसला. त्या आठवड्यात ॲसिटॅब्युलमची नऊ तासांची प्रतिकृती छापावयाची होती. एप्रिलमध्ये नोंदवहीत एक्स पट्ट्याची वारंवारता 108 हर्ट्झ लिहिलेली होती. या वेळी ती 62 भरली. सूत्राप्रमाणे ताण सुमारे 2.8 न्यूटन, म्हणजे एप्रिलच्या एक तृतीयांश राहिला होता.

मापे अशी आली. वाय अक्षावर 20 ची पट्टी 19.98 आणि 100 ची पट्टी 99.94 मिलिमीटर. एक्स अक्षावर 20 ची 19.72 आणि 100 ची 99.70. एक्सची तूट 0.28 आणि 0.30, म्हणजे लांबी पाचपट वाढूनही जवळजवळ तेवढीच. 10 मिलिमीटरचे भोक एक्स दिशेने 9.6 आणि वाय दिशेने 9.9 भरले. बाहेरील माप आणि भोक दोन्ही एकाच दिशेने कमी; निदान वाया जाणाऱ्या हालचालीचे. पुलीवरील रेघ अखंड होती, म्हणून ग्रब स्क्रू निर्दोष ठरला.

नियमाप्रमाणे प्रथम रॉड पुसले. पांढऱ्या फडक्यावर तांबूस डाग उतरले. गाडा जेथे क्वचित पोहोचतो त्या टोकांकडे अधिक. नख फिरवून पाहता रॉडवर खाच लागली नाही, म्हणजे गंज वरवरचा होता. खाच लागली असती तर रॉड आणि बेअरिंग दोन्ही बदलावी लागली असती, कारण खाच पडलेल्या रॉडवर नवीन बेअरिंगही लवकर बिघडते. बेअरिंग धुऊन ग्रीस भरले, रॉडला तेलाचा हात दिला आणि पट्ट्याला न शिवता पुन्हा पट्ट्या छापल्या. एक्सवरील 20 ची पट्टी 19.80 झाली. 0.28 पैकी 0.08 तूट निव्वळ वंगणाने भरून निघाली.

त्यानंतर पट्ट्याकडे वळलो. ताण देणारा भाग प्लास्टिकचा आहे. सतत ताणाखाली आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत प्लास्टिक हळूहळू वाकते, आणि तो वाकलेला स्पष्ट दिसत होता. स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवीत, दर वेळी गाडा सरकवून मोजत गेलो. आवाज आधी 84, मग 97 आणि शेवटी 109 हर्ट्झ झाला. नवीन मापे : एक्सवर 19.97 आणि 99.93. उरलेली तूट वाय अक्षासारखीच, प्लास्टिकच्या आकसण्याइतकी. पुढील आठवड्यात पुन्हा छेडून पाहिले तेव्हा 106 हर्ट्झ होते. आणखी थोडा ताण देऊन 110 वर आणले. ताण दिल्यानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत तो किंचित उतरतो, म्हणून ही दुसरी तपासणी चुकवू नये.

0.3 मिलिमीटरने काय बिघडते, असा प्रश्न योग्य आहे. सी. टी. चे काप 1 मिलिमीटर जाडीचे असतील आणि हाडाची कडा संगणकावर ठरविताना होणारी चूकही धरली, तर पट्टी वाकविण्याच्या प्रतिकृतीत 0.3 मिलिमीटर बहुधा खपून जातील. परंतु ही तूट ठरावीक असल्यामुळे बारीक भागांत ती फार मोठी ठरते. सरावासाठी 2 मिलिमीटरची के-वायर घालावयाचे 2 मिलिमीटरचे भोक एका दिशेने 1.7 झाले, तर वायर आत जात नाही. शिवाय ज्या पट्ट्याचा ताण एक तृतीयांश झाला आहे, तो एखाद्या झटक्याला पुलीवरून एक दात घसरू शकतो. तसे झाले की त्यापुढचे सर्व थर 2 मिलिमीटर बाजूला सरकतात आणि नऊ तासांची प्रतिकृती सहाव्या तासाला निरुपयोगी होते. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी असेल तर पुन्हा छापण्यास वेळ उरत नाही.

येथे एक स्पष्ट करणे आवश्यक आहे. अशा यंत्रावर नेहमीच्या पी. एल. ए. प्लास्टिकने छापलेली वस्तू सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ होते. तिचे ऑटोक्लेव्ह करता येत नाही, म्हणून ती निर्जंतुक क्षेत्राबाहेरच ठेवावी. प्रतिकृतीवर वाकविलेली पट्टी निर्जंतुक करावी, प्रतिकृती नव्हे.

आठवड्याचा नेम

छपाईच्या दिवशी सकाळी पुढील क्रम पाळावा. सर्व मिळून दहा मिनिटे लागतात.

1. यंत्राची वीज बंद करून गाडा आणि पाट हाताने हळू सरकवावेत. जोरात सरकवू नयेत, कारण हाताने फिरविलेली मोटर वीज निर्माण करते आणि ती नियंत्रक पट्टीकडे उलट जाते. हालचाल सारखी वाटावी. कचकच जाणवली किंवा एकाच जागी अडकले तर तेथेच थांबून कारण पाहावे.

2. कोरड्या फडक्याने रॉड पुसावेत आणि फडक्याचा रंग पाहावा. करडा असेल तर नेहमीची धूळ, तांबूस असेल तर गंज, काळा व चकचकीत असेल तर धातूची झीज.

3. तेलाच्या फडक्याने रॉड पुसून गाडा व पाट पाच-सहा वेळा पूर्ण सरकवावेत आणि जादा तेल टिपून घ्यावे.

4. पट्टे पाहावेत : तुटलेले धागे, झिजलेले दात, पुलीखालील भुकटी. मग दोन्ही पट्टे छेडून आकडा नोंदवावा. दहा हर्ट्झपर्यंतचा फरक मी नुसता लिहून ठेवतो. त्याहून अधिक असेल तर दुरुस्त करतो.

5. वीज सुरू करून यंत्र एकदा रिकामे फिरवावे. यासाठी मी एक छोटी फाईल करून ठेवली आहे. शेवटच्या दोन ओळी पाच वेळा लिहाव्यात आणि आकडे आपल्या पाटाच्या मापात बसवावेत :

```
G28
G1 Z20 F600
G1 X10 Y10 F3000
G1 X200 Y190 F3000
```

6. छापण्याचा पृष्ठभाग सर्वांत शेवटी, स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावा. तेलाचा हात लागलेल्या पृष्ठभागावर पहिला थर चिकटत नाही. रुग्णालयातील हात निर्जंतुक करण्याचे द्रव वापरू नये. त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेले असते आणि त्याचा थर मागे राहतो.

महिन्यातून एकदा चकती आणि 20 व 100 च्या पट्ट्या छापून मोजाव्यात. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, बेअरिंग धुऊन ग्रीस भरावे, ग्रब स्क्रू तपासावेत आणि पट्ट्यांचे ताण नव्याने लावावेत.

या सर्वांची नोंद रुग्णाच्या केसपेपरसारखी एका वहीत ठेवावी : तारीख, दोन्ही पट्ट्यांचे आकडे, फडक्याचा रंग आणि महिन्याची मापे. वरील उदाहरणात 62 हा आकडा एकटा पाहिला असता तर त्यावरून फारसे काही सांगता आले नसते. एप्रिलमधील 108 शेजारी लिहिलेले होते, म्हणून तीन महिन्यांत काय घडले ते कळले आणि प्रतिकृती छापण्यापूर्वीच दुरुस्ती झाली.